दोन ठिपक्यांमधलं अंतर

पेडण्यातल्या एका पंचायतीच्या टेबलावर माझा नकाशा उलगडून ठेवला होता आणि त्यातल्या एका निळ्या ठिपक्यावर एका पंचाचं बोट होतं. "बाई, तुमचा नकाशा म्हणतो ही झर ह्या सर्वे नंबरात आहे. आमची झर त्या नंबरात कधीच नव्हती. ती वरच्या अंगाला, कुळागराच्या कोपऱ्यात. मी लहानपणी तिथून कळश्या आणल्यात."

नकाशा मी केला होता तो एका छोट्या संस्थेच्या कामासाठी. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या झरी, विहिरी आणि तळी एका ठिकाणी नोंदवायची होती. तो पंचायतीत कसा पोचला, हे तिथं बसल्यावर कळलं. त्या सर्वे नंबरात घर बांधायला निघालेल्या माणसाविरुद्ध कुणीतरी हरकत घेतली होती, आणि हरकतीच्या अर्जाला पुरावा म्हणून माझ्या नकाशाचा प्रिंट जोडला होता. घर बांधणारा गृहस्थ समोरच्या खुर्चीत बसला होता. तो काही बोलला नाही, फक्त माझ्याकडे पाहत राहिला. ते जास्त वाईट.

आम्ही चालत गेलो. झर खरोखरच वर होती. जांभ्याच्या कड्याखाली, सुपारीच्या झाडांच्या सावलीत, दगडी पन्हळीतून पाण्याची करंगळीएवढी धार. मोबाइलवर ठिकाण घेतलं आणि नकाशातल्या ठिपक्याशी ताडून पाहिलं. दीडशे मीटरचा फरक. माझा ठिपका झरीच्या आग्नेयेला, त्या बिचाऱ्याच्या पायाच्या चरांत बसला होता.

संध्याकाळी डिचोलीला घरी येऊन जुनी फाइल उघडली. मेटाडेटाच्या रकान्यात माझ्याच हाताने लिहिलेली एक ओळ होती : "स्रोत : टोपोशीट व क्षेत्रभेट. वर्ष 2021." एवढंच. काम संपत आलेलं, शनिवारची संध्याकाळ, रकाना रिकामा राहू नये म्हणून लिहिलेली ओळ. त्या एका ओळीत पाच गोष्टी दडपल्या होत्या, आणि पुढचे कित्येक महिने मी त्या एकेक करून बाहेर काढत होते.

पहिली म्हणजे निर्देशांक पद्धती. भारतीय सर्वेक्षण विभागाचं जुनं टोपोशीट 48 E/14 डिचोलीचं आहे आणि पेडणे गावाचंही. ह्या शीटच्या कडेला छापलेले अक्षांश-रेखांश एव्हरेस्टच्या लंबगोलावर मोजलेले आहेत. जॉर्ज एव्हरेस्टने 1830 साली पृथ्वीचा जो आकार धरला, तो भारताच्या मोजणीसाठी वापरला गेला आणि मोजणीचा मूळ बिंदू मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरला ठरला. मोबाइल, उपग्रह आणि आजचे बहुतेक नकाशे मात्र WGS84 ह्या दुसऱ्या आकारावर आकडे देतात. आकडा तोच वाचला तरी जमिनीवरची जागा बदलते. एकाच रस्त्याचे किलोमीटर एकाने बसस्थानकापासून मोजले आणि दुसऱ्याने पुलापासून, तर 'दहाव्या किलोमीटरवर भेटू' म्हटल्यावर दोघं वेगवेगळ्या झाडांखाली उभे राहतात, तसंच.

माझं चुकलं ते असं. स्कॅन केलेल्या शीटचे कोपरे मी क्यूजीआयएसमध्ये बसवले, कडेला छापलेले अक्षांश-रेखांश टाइप केले, आणि सॉफ्टवेअरने पद्धती विचारली तेव्हा सवयीने WGS84 निवडली. सॉफ्टवेअर हे मुकाट्याने मान्य करतं, कारण त्याला शीटवरची बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. गोव्यात ह्या गफलतीची किंमत साधारण दीडशे मीटर येते. ठिपका खऱ्या जागेपासून सुमारे 130 मीटर दक्षिणेला आणि 80 मीटर पूर्वेला सरकतो.

चूक ही आहे की दुसरी कोणती, हे ओळखायची एक खूण आहे. सगळे ठिपके एकाच दिशेला, एकाच अंतराने सरकले असतील तर दोष डेटमचा. शीटच्या कडेकडे चूक वाढत जात असेल तर स्कॅन नीट ताणून बसवलेला नाही. आणि प्रत्येक ठिपका मनाला येईल त्या दिशेला गेला असेल तर तो माउस धरणाऱ्या हाताचा दोष. मी टोपोशीटवरून घेतलेले 61 ठिपके तपासले. सगळे आग्नेयेला. हाताचा दोष निघाला असता तर, खरं सांगते, जरा कमी लाज वाटली असती.

दुरुस्तीतही एक खड्डा आहे, आणि मी पहिल्या दिवशी त्यात पडलेच. क्यूजीआयएसमध्ये 'Set Layer CRS' आणि 'Reproject Layer' अशा दोन आज्ञा आहेत. पहिली फक्त पाटी बदलते, आकडे आहेत तसेच ठेवते. दुसरी आकडे बदलते, पण ती फाइलवरच्या पाटीवर विश्वास ठेवते. माझ्या फाइलवर पाटीच खोटी होती, म्हणून आधी पाटी खरी करायची आणि मग आकडे बदलायचे, असा क्रम हवा. मी उलट केलं, ठिपके जिथल्या तिथे राहिले आणि अर्धा दिवस कीबोर्डला दोष देण्यात गेला. शेवटी एकाच ओळीत काम झालं :

```
ogr2ogr -s_srs EPSG:4146 -t_srs EPSG:32643 zari_utm.gpkg zari_topo.shp
```

4146 हा एव्हरेस्ट आकार आणि कल्याणपूर मूळबिंदू यांच्या 1975च्या पद्धतीचा क्रमांक. 32643 म्हणजे WGS84वरची यूटीएम पट्टी 43 उत्तर. आपला अख्खा गोवा ह्याच पट्टीत बसतो. `-s_srs` म्हणजे 'फाइलवरच्या पाटीकडे बघू नकोस, मी सांगते ते खरं धर'. ही ओळ मी मेटाडेटात जशीच्या तशी उतरवली आणि खाली रूपांतराचे आकडेही लिहिले : 295, 736 आणि 257 मीटर, तीन अक्षांवरची सरक. हे आकडे कशाला, असं सहकाऱ्याने विचारलं. कारण हे रूपांतर स्वतःच दहा-पंधरा मीटरच्या आत खात्रीचं नाही. उद्या कुणी जास्त चांगले आकडे वापरले आणि त्याचे ठिपके माझ्यापेक्षा आठ मीटर हलले, तर दोघांपैकी कुणी चूक केली हे शोधत बसण्यापेक्षा फरक कुठून आला हे त्याला दिसावं.

मग अचूकता. पूर्वी मी हा रकाना 'चांगली' असं लिहून मोकळी होत असे. आता आकडा काढायचा ठरवला. 1:50,000च्या नकाशावर अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर 25 मीटर, त्यामुळे कितीही जपून क्लिक केलं तरी त्याहून बारीक काही त्या कागदातून निघत नाही. स्कॅन बसवताना सॉफ्टवेअर एक RMSE दाखवतं. माझा 9 मीटर होता आणि मी कितीतरी दिवस तोच अचूकता म्हणून सांगत असे. पण तो आकडा एवढंच सांगतो की मी निवडलेले कोपरे एकमेकांशी किती जुळतात. परीक्षा ज्याने लिहिली त्यानेच तपासली, असा प्रकार.

म्हणून नकाशा बसवताना न वापरलेले वीस बिंदू निवडले. डिचोली आणि पेडण्यातले जुने पूल, देवळांजवळचे तिठे, दोन ओहोळांचे संगम : शीटवर स्पष्ट दिसणारे आणि आजही जागेवर असलेले. वीस हा आकडा मनाचा नाही, नकाशांच्या चाचणीत कमीत कमी इतके बिंदू घ्यायची रीत आहे. स्कूटरवर चार दिवस गेले. ओहोळांचे संगम पहिल्याच फेरीत गळाले, कारण व्हाळ पावसाळ्यात कूस बदलतो. त्यांच्या जागी आणखी पूल घेतले. आधी दुरुस्त केलेल्या ठिपक्यांवर शेवटी RMSE 19 मीटर आला. त्याला 1.73ने गुणलं की शंभरातल्या पंच्याण्णव ठिपक्यांची चूक ज्याच्या आत राहील ते अंतर मिळतं : 33 मीटर. टोपोशीटवरून आलेल्या झरीपुढे आता तो आकडा आहे. कुळागर आणि शेजारचा चिरेबंदी कुंपणाचा भाट यांतलं अंतर तेहेतीस मीटरपेक्षा कमी असतं, हे गोव्यात वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

मोबाइलवर घेतलेल्या ठिपक्यांची गोष्ट वेगळी. उघड्या सड्यावर फोन चार-पाच मीटर दाखवतो आणि तो खराही निघतो. सुपारी-माडांच्या दाट कुळागरात तोच फोन आठ मीटर म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच दगडावर ठेवला तर वीस मीटर दूरचा आकडा देतो. कड्याने अर्धं आकाश झाकलेलं, पानांवरून आणि दगडावरून परतून आलेले संकेत. शिवाय अँड्रॉइड फोन दाखवतो ते वर्तुळ 'ह्याच्या आत आहेच' असं नसतं. साधारण तीनांतल्या दोन वेळा ठिकाण त्याच्या आत असतं, तिसऱ्या वेळी बाहेर. त्या पंचाने दाखवलेल्या झरीवर मी दोन वेगळ्या दिवशी दहा-दहा वाचनं घेतली. दोन दिवसांच्या सरासरींत 11 मीटरचं अंतर पडलं. मी दोन्हींची सरासरी घेतली आणि 'अचूकता सुमारे 12 मीटर, झाडांच्या छायेत, दोन दिवसांची 20 वाचनं' असं त्या एका नोंदीपुढे लिहिलं. निर्देशांक पाच दशांश स्थळांवर थांबवले. सॉफ्टवेअर आठ स्थळं देतं. आठवं स्थळ म्हणजे जमिनीवरचा एक मिलिमीटर, आणि जिथं झरीचं तोंडच दोन हात रुंद आहे तिथं तो आकडा फक्त वाचणाऱ्याला फसवतो.

इथंच मला जुन्या ओळीचा खरा दोष कळला. संपूर्ण लेयरला एकच मेटाडेटा लिहिला की आत 5 मीटरचा ठिपका आणि 33 मीटरचा ठिपका एकाच रंगात शेजारी बसतात. म्हणून प्रत्येक नोंदीला तीन रकाने जोडले : कुठून आली, कधी पाहिली, किती खात्रीची. लेयरचा मेटाडेटा त्यांचा सारांश, त्यांची जागा घेणारा नव्हे. फाइल दुसऱ्याकडे जाते तेव्हा क्यूजीआयएसची `.qmd` फाइल मागे राहून जाते, हे मी इतक्यांदा पाहिलंय की महत्त्वाचं जे असेल ते तक्त्यातच असावं असं माझं मत झालंय.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो तारखेने, आणि तो डिचोलीत.

डिचोलीत 34 नोंदी मी उपग्रहचित्रांवरून घेतल्या होत्या. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, दर पाच दिवसांनी एक, दहा मीटरचा एक चौकोन. जून ते सप्टेंबर ढगांशिवाय काही दिसत नाही, म्हणून डिसेंबर आणि एप्रिलची चित्रं घेतली. डिसेंबरच्या चित्रात शिरगाव, मुळगाव, लामगाव ह्या पट्ट्यात मोठमोठी जलाशयं चमकत होती. मी ती 'तळे' म्हणून नोंदवली. माझा जन्म डिचोलीचा, आणि मला ती पहिल्या नजरेत ओळखू आली नाहीत. ते खाणींचे खंदक होते.

गोव्यातलं खाणकाम सप्टेंबर 2012मध्ये थांबलं, मध्ये पुन्हा सुरू झालं आणि सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केल्यावर मार्च 2018मध्ये परत थांबलं. खंदकातला उपसा थांबला की तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस आणि भूजल मिळून खंदक भरतो. म्हणजे 2011च्या चित्रात जिथं लाल खड्डा आहे तिथं 2019च्या चित्रात हिरवट निळं पाणी. दोन्ही चित्रं खरी. ज्याने फक्त 'जलाशय' लिहिलं आणि तारीख गाळली, त्याने पुढच्या माणसाच्या हातात अशी माहिती दिली की हे तळं इथं कायमचं आहे. एखाद्याने ह्या लेयरवरून तालुक्यातल्या पाण्याचं क्षेत्र मोजलं तर डिचोली कागदावर भलताच पाणीदार तालुका दिसेल. आणि पुन्हा उपसा सुरू झाला की तेच तळं नाहीसं होईल आणि कुणीतरी 'तळं बुजवलं' म्हणून बातमी देईल.

म्हणून तारखेचा एक रकाना मोडून तीन केले. चित्र कधीचं, प्रत्यक्ष जाऊन कधी पाहिलं, आणि संगणकात कधी भरलं. टोपोशीटच्या बाबतीत सर्वेक्षणाचं वर्ष आणि छपाईचं वर्ष वेगळं असतं, दोन्ही शीटच्या तळाशी छापलेली असतात. लोक सर्रास छपाईचं उचलतात, कारण ते नवं असतं. मी सर्वेक्षणाचं उचललं. खंदकांना 'तळे' काढून 'खाणीचा भरलेला खंदक' असा वेगळा प्रकार दिला आणि पुढे चित्राची तारीख. एप्रिलच्या चित्रात जे पाणी दिसत नव्हतं त्यापुढे 'डिसेंबरमध्ये पाणी, एप्रिलमध्ये नाही'. 'हंगामी' हा शब्द मुद्दाम टाळला. दोन चित्रांवरून हंगाम ठरत नाही.

ह्याच कामात देवळांच्या लहान तळ्यांचा प्रश्न आला. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने देशभराचा पाणथळ जागांचा ॲटलास केला, त्यात सव्वादोन हेक्टरपेक्षा लहान जागा फक्त ठिपक्याने दाखवल्या आहेत. सव्वादोन हेक्टर म्हणजे दीडशे मीटर लांब, दीडशे मीटर रुंद. गावच्या देवळाचं तळं तीस मीटर बाय तीस मीटर असलं तरी मोठं म्हणायचं. सेंटिनेलच्या चित्रात ते जेमतेम नऊ चौकोनांत येतं, आणि त्यातल्या कडेच्या आठांत अर्धं पाणी, अर्ध्या पायऱ्या. मधला एकच निखळ पाण्याचा. म्हणून मी लिहिलं की ह्या लेयरमध्ये उपग्रहावरून आलेलं तीस मीटरपेक्षा लहान तळं नाही, आणि ते नकाशात नाही म्हणजे गावात नाही असं समजू नये. हे वाक्य लिहिताना मला शिरगावची तळी आठवत होती. लईराईच्या जत्रेला धोंड जिथं आंघोळ करतात ती तळी नकाशात नाही म्हणून नाही असं म्हणायची कुणाची छाती होईल? पण अशी साक्ष नसलेली तळी दर गावात दोन-तीन आहेत.

शेवटचा रकाना वापराच्या मर्यादांचा. आधी तिथं काहीच नव्हतं. आता पहिलं वाक्य आहे : "हद्द, सर्वे नंबर किंवा बांधकामाचं अंतर ठरवण्यासाठी वापरू नये." सर्वे नंबरांचे आराखडे मी पार्श्वभूमीला ठेवले होते, पण ते दुसऱ्याच पायावर मोजलेले, आणि माझ्या ठिपक्याशी ते जुळवणं म्हणजे दोन अंदाज एकमेकांवर ठेवणं. एक-चौदाच्या उताऱ्याला जे वजन आहे ते माझ्या निळ्या ठिपक्याला देता येत नाही, आणि हे आधी लिहिलं असतं तर त्या गृहस्थाला पंचायतीत माझी वाट बघत बसावं लागलं नसतं. दुसरं वाक्य मापाचं : 1:25,000पेक्षा मोठ्या मापावर छापू नये. लोक झूम करतच राहतात, पण निदान लिहिलेलं असावं.

तिसरं वाक्य मी एका कुळागराच्या मालकाच्या सांगण्यावरून घातलं. चांदेलजवळ कुठंतरी, गाव सांगत नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. झरीची नेमकी जागा सगळ्यांना कळली की उद्या टँकरवाला येणार. त्यांचा मुद्दा मला पटला. बाहेर द्यायच्या प्रतीत खासगी जमिनीतल्या झरींचे निर्देशांक तीन दशांश स्थळांवर आणले, म्हणजे सुमारे शंभर-एकशे दहा मीटरचा घोळ. पण हे केलं की ठिपके एका अदृश्य जाळीच्या गाठींवर जाऊन बसतात, आणि न सांगता दिलं तर एखादा हुशार मुलगा त्यातून 'झरी सरळ रेषेत आहेत' असा भूगर्भशास्त्रीय शोध लावेल. म्हणून तेही लिहिलं, मुद्दाम केलंय म्हणून.

दुरुस्त प्रिंट घेऊन मी पहिल्या पंचायतीत परत गेले. घराची हरकत तोवर दुसऱ्याच कारणावर गेली होती. तो पंच मला कुळागरापर्यंत सोडायला आला. झरीच्या मालकाने, सत्तरी ओलांडलेल्या काकांनी, विचारलं, "माझ्या झरीबद्दल तू काय लिहिलंस ते वाच." मी फोनवर नोंद उघडून वाचली : मोबाइल, दोन दिवस, 12 मीटर, डिसेंबरमध्ये धार, 15 मे रोजी कोरडी.

"मे महिन्यात हांगा थेंब लेगीत मेळना, हें खरें," काका म्हणाले. मग थोडं थांबून त्यांनी कड्याच्या वरच्या बाजूला हात केला. "पण पंधरा तारखेला वर त्या नव्या घरवाल्याचा पंप चालू होता. तू आलीस तेव्हा आवाज येत नव्हता का?"

येत होता. मला आठवलं. मी त्याच्या आवाजावरच वैतागले होते, कारण फोनवर बोलता येत नव्हतं. घरी जाऊन तक्त्याला आणखी एक रकाना जोडला : पाहणीच्या वेळी जवळपास उपसा चालू होता का. त्या नोंदीपुढे 'होय' लिहिलं. बाकीच्या 146 नोंदींपुढे तो रकाना अजून रिकामा आहे, आणि त्या गावांतून पुन्हा फिरायचं तर येत्या मेपर्यंत थांबावं लागेल.